दोन स्विचमधली अरुंद वाट

कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाची केबल भिंतीतल्या पट्टीतून त्या मजल्यावरच्या स्विचपर्यंत जाते. त्या स्विचमधून एक केबल निघून मुख्य स्विचला मिळते, आणि फाइल सर्व्हर, इंटरनेटचा राउटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर ही सगळी सामायिक यंत्रे मुख्य स्विचलाच जोडलेली असतात. मजल्यावरच्या स्विचला मुख्य स्विचशी जोडणाऱ्या या एकाच दुव्याला अपलिंक म्हणतात. मजल्यावर वीस संगणक असोत की चाळीस, सर्व्हरकडे जाणारी आणि तिकडून येणारी सगळी माहिती या एका केबलमधून जाते. ती केबल संगणकांच्या मानाने मंद असेल तर पूर्ण मजला मंद होतो. गंमत नव्हे, अडचण अशी की त्या मजल्यावरच्या एकाही संगणकावर दोष दिसत नाही.

संगणकावर दाखवला जाणारा वेग हा फक्त त्या संगणकापासून त्याच्या स्विचपर्यंतच्या केबलचा असतो. विंडोजमध्ये नेटवर्कची माहिती उघडली की `1000/1000 (Mbps)` असा आकडा दिसतो आणि पाहणारा समजतो, की सर्व्हरपर्यंतचा रस्ता एक गिगाबिटचा आहे. प्रत्यक्षात त्या रस्त्याचे निदान तीन टप्पे असतात: संगणक ते मजल्यावरचा स्विच, तिथून मुख्य स्विच, आणि मुख्य स्विच ते सर्व्हर. संगणकाला पहिल्याच टप्प्याची माहिती असते. मधला टप्पा शंभर मेगाबिटवर चालत असेल, तर ते सांगणारे त्याच्याकडे काहीच नसते.

हा मधला टप्पा मागे पडण्यामागे थोडा इतिहास आहे. शंभर मेगाबिटचे फास्ट इथरनेट 1995 मध्ये प्रमाणित झाले आणि चार जोड्यांच्या तांब्याच्या केबलवर चालणारे गिगाबिट 1999 मध्ये. त्यानंतर बरीच वर्षे कार्यालयांत एक ठराविक प्रकारचा स्विच दिसे: शंभर मेगाबिटची चोवीस पोर्ट आणि बाजूला वेगळी अशी गिगाबिटची दोन पोर्ट. ती दोन अपलिंकसाठीच असत. चोवीस संगणकांनी एकाच वेळी पूर्ण वेग मागितला तरी मागणी 2.4 गिगाबिट व्हायची आणि वाट एक गिगाबिटची होती, म्हणजे प्रमाण 2.4 ला 1. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणताही एक संगणक अपलिंकचा दहावा हिस्साच व्यापू शकत होता. पुढे गिगाबिटचे स्विच स्वस्त झाले आणि चोवीसही पोर्ट गिगाबिटची झाली. अपलिंक मात्र बहुतेक ठिकाणी एक गिगाबिटचीच राहिली. प्रमाण 24 ला 1 झाले, आणि आता एकच संगणक मोठी फाइल उतरवताना ती पूर्ण वाट एकट्याने भरू शकतो. संगणकांचा वेग वाढवताना सामायिक वाटेकडे पाहिले गेले नाही, तर सुधारणा अशी उलटते.

24 ला 1 हे प्रमाण ऐकायला भयंकर वाटते, पण ते स्वतःहून दोष ठरत नाही. माणूस कागद वाचत असतो, टाइप करत असतो, फोनवर बोलत असतो, आणि त्या काळात त्याचा संगणक जवळजवळ काहीच मागत नाही. म्हणूनच सिस्कोच्या मार्गदर्शक आराखड्यात मजल्यावरच्या स्विचपासून पुढे 20 ला 1 पर्यंतचे प्रमाण मान्य केलेले आहे. खरा त्रास दोन प्रसंगी होतो. अपलिंकच चुकून संगणकांहून मंद असते, किंवा सगळ्यांची मागणी एकाच वेळी येते. दोन्ही एकत्र आले, तर काय होते ते आकड्यांनी पाहण्यासारखे आहे.

बावीस संगणक, एक केबल

वास्तुविशारदांचे एक कार्यालय समजा. दुसऱ्या मजल्यावर बावीस संगणक आहेत आणि चोवीस पोर्टांचा नवा गिगाबिट स्विच. तळमजल्यावर मुख्य स्विच, फाइल सर्व्हर आणि रेकॉर्डर. मजल्यावरचे दहा कॅमेरेही एका छोट्या स्विचमार्गे याच मजल्यावरच्या स्विचला जोडलेले आहेत. नवा स्विच बसवला, पण जिन्याच्या बाजूने गेलेली जुनी केबल तशीच ठेवली. तिच्या आठ तारांपैकी एक टोकाशी तुटलेली आहे.

शंभर मेगाबिटला केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही. दोन्ही टोकांचे स्विच जोडणी होताना आपसांत वेग ठरवतात. चारपैकी एक जोडी तुटलेली असेल तर काही यंत्रांत जोडणी होतच नाही आणि दोष लगेच उघड होतो. पण बऱ्याच आधुनिक यंत्रांत अशी सोय असते, की गिगाबिट जमत नाही असे दिसताच ती आपोआप शंभरावर उतरतात. सोय चांगल्या हेतूची आहे. काम बंद पडत नाही. पण त्यामुळे तुटकी तार वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. या कार्यालयाची अपलिंक अशी शंभर मेगाबिटवर चालते आहे.

शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. प्रत्येक पॅकेटबरोबर पत्ता, तपासणीचा आकडा आणि पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा यांत सुमारे सहा टक्के जातात. फाइलच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम 11.8 मेगाबाइट उरतात. गिगाबिटवर हाच आकडा 118 येतो.

आता 200 मेगाबाइटचे एक मोठे रेखाचित्र उघडायचे आहे. रस्ता पूर्ण गिगाबिटचा असता आणि सर्व्हर मोकळा असता, तर दोन सेकंदांच्या आत ते उतरले असते. या अपलिंकवर एकट्या माणसाला 17 सेकंद लागतात. सकाळी दहा वाजता दहा जण आपापले रेखाचित्र उघडतात. एकूण दोन हजार मेगाबाइट त्याच वाटेने यायचे आहेत, आणि सगळ्यांनाच सुमारे 170 सेकंद थांबावे लागते. पावणेतीन मिनिटे पडद्यावर फिरते वर्तुळ. त्या काळात सर्व्हर जवळजवळ रिकामा बसलेला असतो आणि संगणकही; दोघांमध्ये एक केबल भरून वाहत असते.

फाइल जतन करणे याहून हळू चालते, आणि त्याचे कारण कॅमेऱ्यांत आहे. इथरनेटच्या अशा दुव्यात येण्याचा आणि जाण्याचा मार्ग वेगवेगळा असतो. दोन्ही दिशांना प्रत्येकी शंभर मेगाबिट मिळतात. रेखाचित्र उघडताना माहिती सर्व्हरकडून मजल्यावर येते, जतन करताना मजल्यावरून सर्व्हरकडे जाते. कॅमेऱ्यांचे चित्रणही मजल्यावरून तळमजल्याकडेच जाते. प्रत्येक कॅमेरा चार मेगाबिट पाठवत असेल, तर दहांचे चाळीस मेगाबिट रात्रंदिवस त्या दिशेने वाहत राहतात. वापरता येण्याजोग्या 94 मेगाबिटांपैकी उरतात 54. ते 200 मेगाबाइटचे रेखाचित्र एकट्या माणसाने जतन केले तरी अर्धे मिनिट लागते. उघडायला 17 सेकंद आणि जतन करायला 30, असा फरक दिसला की लोक सर्व्हरच्या डिस्कवर संशय घेतात. एरवी तो संशय रास्त असतो, कारण डिस्कवर लिहिणे वाचण्यापेक्षा हळू असू शकते. इथे तो चुकीचा आहे.

इंटरनेट दोषाची दिशा आणखी फिरवते. कार्यालयाची इंटरनेट जोडणी शंभर मेगाबिटची असेल, तर वेग मोजणारे संकेतस्थळ निवांत वेळी नव्वदच्या वरचा आकडा दाखवते, अगदी त्या अरुंद वाटेतूनही. आकडा कराराइतका आल्यावर 'नेटवर्क ठीक आहे' असा निष्कर्ष निघतो आणि खर्च सर्व्हर बदलण्यावर होतो. इंटरनेटची चाचणी अपलिंकबद्दल काही सांगू शकते, ते इंटरनेट जोडणी अपलिंकहून वेगवान असेल तेव्हाच.

रांग कुठे लागते

मुख्य स्विचकडे सर्व्हरकडून एक गिगाबिटने पॅकेट येत आहेत आणि दुसऱ्या मजल्याकडे ती शंभर मेगाबिटनेच पाठवता येतात. उरलेली पॅकेट स्विच आपल्या स्मृतीत रांगेत ठेवतो. छोट्या स्विचमध्ये ही स्मृती फारच थोडी असते. एका पोर्टाच्या वाट्याला 500 किलोबाइट आले असे धरू. दोन वेगांतला फरक सेकंदाला 900 मेगाबिट असल्यामुळे ती रांग पाच मिलिसेकंदांच्या आत भरते. त्यानंतर येणारे पॅकेट ठेवायला जागाच नसते, म्हणून ते टाकून दिले जाते.

टाकलेले पॅकेट हरवत मात्र नाही. फाइल पाठवणारा टीसीपी हा नियमसंच पोच न आलेले पॅकेट पुन्हा पाठवतो आणि त्याबरोबर स्वतःचा वेगही कमी करतो, मग हळूहळू वाढवत नेतो, पुन्हा पॅकेट गळेपर्यंत. ही शिस्त टीसीपीत मुळापासून नव्हती. ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ या चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. गर्दी झाली की प्रत्येक यंत्र आपली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्याने गर्दी वाढतच होती. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा अभ्यास करून 1988 मध्ये उपाय मांडला: पॅकेट गळले की पाठवणाऱ्याने मागे सरायचे. आज कार्यालयातली अपलिंक तुडुंब भरली तरी ती कोलमडत नाही, दहा जणांना कमी-अधिक सारखा वाटा मिळतो, त्याचे श्रेय या कामाला आहे. पण त्याच कामामुळे दोष शांतपणे लपतो. काही तुटत नाही, चुकीचा संदेश येत नाही, फक्त सगळे हळू होते.

मोठ्या फाइलींपेक्षाही या रांगेचा फटका लहान लहान विनंत्या करणाऱ्या कामांना बसतो, आणि हा भाग नीट समजून घ्यावा असा आहे. 500 किलोबाइटची भरलेली रांग शंभर मेगाबिटने रिकामी व्हायला 40 मिलिसेकंद लागतात. म्हणजे रेखाचित्रे उतरत असताना त्या मजल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला, ते कोणाचेही असो, रांगेच्या शेवटी उभे राहून 40 मिलिसेकंद थांबावे लागते. हिशेब पाहणाऱ्याचा कार्यक्रम सर्व्हरवरच्या फाइलीतून एकेक नोंद मागून घेतो, असे समजा. एक नोंद आली की पुढची मागायची. एका अहवालासाठी अशा पाचशे फेऱ्या लागत असतील आणि वाट मोकळी असताना प्रत्येक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होत असेल, तर अहवाल पाव सेकंदात येतो. रांग भरलेली असताना तोच अहवाल 20 सेकंद घेतो. त्याने मागितलेली माहिती एखाद्या छायाचित्राहूनही लहान असेल. त्याचे नुकसान केबलची रुंदी कमी पडल्याने झालेले नाही, दुसऱ्याच्या रांगेमागे पाचशे वेळा उभे राहिल्याने झाले आहे. हिशेबनीस 'माझा कार्यक्रम मधूनच अडतो' अशी तक्रार करतो तेव्हा ती त्या कार्यक्रमाची तक्रार नसण्याची शक्यता मोठी असते.

नेटवर्कवरच्या फोनचेही तसेच. एका संभाषणाला शंभर किलोबिटही पुरेसे असतात, पण पॅकेट ठराविक लयीत यावी लागतात. रांग कधी भरलेली, कधी रिकामी राहिली की आवाज तुटतो.

कसे ओळखावे

पहिली खूण कोणालाही पाहता येते. वर्दळ नसताना एकच मोठी फाइल सर्व्हरवरून संगणकावर उतरवावी आणि विंडोज दाखवत असलेला वेग पाहावा. तो सेकंदाला 11 मेगाबाइटच्या आसपास येऊन तिथेच सरळ रेषेत खिळून राहिला, तर वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटचा टप्पा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. डिस्क मंद असेल तर रेषा अशी सपाट नसते, ती वरखाली होते. पूर्ण गिगाबिटच्या रस्त्यावर हा आकडा 110 च्या थोडा वर असतो.

शंभराचा टप्पा नेमका कोणता, हे जागा बदलून कळते. एक लॅपटॉप घेऊन तळमजल्यावर मुख्य स्विचला जोडावा आणि तीच फाइल उतरवावी. वेग 110 आला, तर सर्व्हर, त्याची केबल आणि मुख्य स्विच यांच्यावरचा संशय संपला. तोच लॅपटॉप, तीच केबल दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचला लावली आणि वेग 11 झाला, तर दोष दोन स्विचच्या मध्येच आहे. डिस्कचा संबंध पूर्ण तोडायचा असेल तर `iperf3` हा मोफत कार्यक्रम वापरतात. तो नुसती माहिती पाठवून वेग मोजतो. सर्व्हरच्या बाजूला पहिली ओळ आणि लॅपटॉपवर पुढच्या दोन द्यायच्या. शेवटची उलट दिशा मोजते.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.10
iperf3 -c 192.168.1.10 -R
```

आपल्या उदाहरणात सर्व्हरकडून मजल्याकडे येणाऱ्या दिशेला 94 मेगाबिट मिळतील, आणि मजल्यावरून जाणाऱ्या दिशेला कॅमेऱ्यांमुळे त्याहून बरेच कमी. दोन्ही दिशा मोजल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही.

अपलिंक गिगाबिटची आहे, पण गर्दीने भरते आहे, असाही प्रकार असतो. तिथे निवांत वेळची चाचणी स्वच्छ निघते. मग तक्रारीच्या वेळेलाच दोन खिडक्या उघडून एकीत सर्व्हरला आणि दुसरीत त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या संगणकाला सतत `ping` करावे. मजल्यावरच्या संगणकाचे उत्तर `time<1ms` असे येत राहिले आणि सर्व्हरचे 20, 30, 40 मिलिसेकंदांवर चढू लागले, मधूनच `Request timed out` आले, तर रांग अपलिंकवर किंवा तिच्या पलीकडे लागलेली आहे. तीच चाचणी त्याच वेळी मुख्य स्विचला थेट जोडलेल्या लॅपटॉपवरून करावी. तिथे उत्तर एका मिलिसेकंदात येत असेल, तर अपलिंकखेरीज संशयित उरत नाही.

स्विच व्यवस्थापन करता येणारा असेल, तर त्याच्या पोर्टाची नोंदवही हाताशी असते. वेग 1000 आणि फुल डुप्लेक्स आहे का, हे दोन्ही टोकांना पाहावे. एका टोकाला वेग हाताने ठरवून दिलेला असेल आणि दुसरे टोक आपोआप ठरवणारे असेल, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्स धरून बसते. एक बाजू दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलते, दुसरी त्याला टक्कर समजून थांबते. नोंदवहीत उशिरा झालेल्या टकरा आणि तपासणीत नापास झालेली पॅकेट वाढताना दिसतात, आणि शंभरचीही वाट तुकड्यातुकड्यांनी चालते. वेग हाताने ठरवण्याची जुनी सवय या एका कारणासाठी सोडून द्यावी. दोन्ही बाजू आपोआपवर ठेवणे हेच योग्य.

टाकलेल्या पॅकेटांचा आकडा वाचताना जागा चुकू नये. फाइली मजल्याकडे येत असताना रांग मुख्य स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टावर लागते, कारण वेगवान माहिती तिथे अरुंद वाटेला भिडते. मजल्यावरच्या स्विचमध्ये त्या वेळी टाकलेली पॅकेट शून्य दिसतात. त्याच्यापर्यंत माहिती आधीच गाळून आलेली असते. कॅमेरे आणि जतन करणे यांची रांग उलट मजल्यावरच्या स्विचवर लागते. तक्रार मजल्यावरून आली म्हणून फक्त मजल्यावरचा स्विच तपासणारा माणूस सकाळच्या गर्दीचा पुरावा कधीच पाहणार नाही.

आलेखांवरही थोडे सावधपणे विसंबावे. देखरेखीचे कार्यक्रम बहुधा पाच मिनिटांची सरासरी काढतात. दहा जणांनी रेखाचित्रे उघडली तेव्हा अपलिंक 170 सेकंद पूर्ण भरलेली होती आणि उरलेली 130 सेकंद मोकळी. आलेखात 57 टक्के वापर दिसेल. तो पाहून कोणीही म्हणेल, की अजून भरपूर जागा आहे. वापराच्या टक्केवारीपेक्षा टाकलेल्या पॅकेटांचा आकडा इथे जास्त खरे बोलतो.

काय केले की काय मिळते

या कार्यालयाचा पहिला उपाय केबलची टोके नव्याने बसवणे किंवा केबलच बदलणे हा आहे. आठही तारा तपासणारे साधे टेस्टर त्यासाठी पुरते. जुन्या, दोन गिगाबिट पोर्टांच्या स्विचमध्ये अपलिंकची केबल चुकून शंभरच्या पोर्टात खोचलेली सापडते. तिथे ती शेजारच्या पोर्टात लावली की झाले. वाटेत कुठे टेबलाखाली जुना शंभर मेगाबिटचा छोटा स्विच घातलेला नाही ना, हेही पाहावे. अपलिंक गिगाबिटची झाली की सकाळचे दहा जण 170 ऐवजी 17 सेकंदांत कामाला लागतात, आणि कॅमेऱ्यांचे चाळीस मेगाबिट हजारांत मावून जातात. बऱ्याच कार्यालयांचे काम इथेच भागते आणि पुढचा खर्च करू नये.

17 सेकंदही जास्त वाटत असतील तर दोन स्विचमध्ये दोन केबली टाकून त्यांची एक जोडणी करता येते. हे तंत्र 2000 मध्ये प्रमाणित झाले आणि एलएसीपी या नियमाने दोन्ही स्विच ती जोडणी आपसांत ठरवतात. मात्र ते दोन्हीकडे सुरू न करता नुसती दुसरी केबल खोचणे धोक्याचे आहे. पॅकेट त्या वर्तुळात फिरत राहून पूर्ण नेटवर्क काही सेकंदांत ठप्प होऊ शकते. स्पॅनिंग ट्री ही संरक्षक सोय चालू असेल तर ती एक केबल बंद ठेवते. नेटवर्क वाचते, पण वेग वाढत नाही. शिवाय जोडणी नीट झाली तरी दोन केबली म्हणजे दुप्पट वेगाची एक केबल नव्हे. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून स्विच पाठवणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून एक केबल निवडतो आणि त्या जोडीची पॅकेट त्याच केबलने पाठवत राहतो. एका माणसाची एक फाइल एक गिगाबिटहून वेगाने येत नाही, आणि दहांपैकी सात जण योगायोगाने एकाच केबलवर येऊ शकतात. स्विचमध्ये दहा गिगाबिटचे पोर्ट असेल तर एकच वेगवान दुवा नेहमी सरस ठरतो. मजल्यामजल्यांतल्या अंतराला कॅट-6ए केबल शंभर मीटरपर्यंत दहा गिगाबिट नेते, साधी कॅट-6 सुमारे 55 मीटरपर्यंत. इमारती वेगळ्या असतील तर फायबरच टाकावे. विजेचा झटका तांब्यातून एका इमारतीतून दुसरीत जातो, काचेच्या तंतूतून जात नाही.

पण या कार्यालयात दहा गिगाबिटची अपलिंक टाकली आणि दुसरे काहीच केले नाही, तर सकाळचे दहा जण पुन्हा 17 सेकंदच थांबतील. कारण सर्व्हर मुख्य स्विचला एका गिगाबिटनेच जोडलेला आहे आणि त्याच्याकडून सेकंदाला 118 मेगाबाइटच निघतात. सर्व्हरचाही दुवा दहा गिगाबिटचा केला, तर प्रत्येक संगणक आपल्या गिगाबिटच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे दोन सेकंदांच्या आसपास येऊ शकेल. मात्र त्यासाठी सर्व्हरच्या डिस्कने सेकंदाला हजारभर मेगाबाइट वाचून द्यायला हवेत. फिरत्या तबकड्यांची एकटी डिस्क दहा जणांच्या दहा फाइली एकदम वाचताना त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतही पोचणार नाही. म्हणून खर्चाचा क्रम अपलिंक, मग सर्व्हरचा दुवा आणि डिस्क एकत्र, असा ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यानंतर तीच 200 मेगाबाइटची फाइल उतरवून पाहावी.

वाट रुंद करणे शक्य नसेल, भाड्याच्या जागेत नवी केबल टाकायला परवानगी नसेल, तर वाहतूक कमी करावी लागते. संगणकांचा बॅकअप दुपारऐवजी रात्री लावला की जाणारी दिशा कामाच्या वेळी मोकळी राहते. रेकॉर्डर दुसऱ्या मजल्यावरच ठेवला तर कॅमेऱ्यांचे चाळीस मेगाबिट अपलिंकवर येतच नाहीत. व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचमध्ये फोनच्या पॅकेटांना रांगेत पुढे घेण्याची सोय असते. तिने आवाज सुधारतो, पण रेखाचित्रांना त्याचा उपयोग नाही, कारण एकूण रुंदी तेवढीच राहते. नवा स्विच जोडायचा असेल तर तो मजल्यावरच्या स्विचला न जोडता थेट मुख्य स्विचला जोडावा. स्विचला स्विच, त्याला आणखी एक, अशी साखळी झाली की शेवटच्या टोकाचे सगळे ओझे पहिल्या अपलिंकवर येऊन पडते.

दुरुस्ती झाल्यावर अपलिंकच्या दोन्ही टोकांना 1000 आणि फुल डुप्लेक्स दिसते का ते पाहावे, दोन्ही पोर्टांचे आकडे शून्यावर आणावेत आणि आठवडाभराने पुन्हा वाचावेत. तपासणीत नापास झालेली पॅकेट वाढत असतील तर केबल अजून सदोष आहे. ती शून्य आहेत पण टाकलेली पॅकेट वाढत आहेत, तर केबल चांगली आहे आणि त्या मजल्याची मागणीच एक गिगाबिटच्या पुढे गेलेली आहे.